मुंबई १९५६ ला नाही, मग १९६० ला का मिळाली? इतिहासाच्या उत्तरातला ‘का’

नेहमीप्रमाणे, ज्यांना ट्रेनमध्ये इअरफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या मावसबहिणीमुळे निघाला. ती मुलुंडला राहते आणि राज्यसेवेची तयारी करते. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय. पर्यायांतून गोळा काळा करण्याची सवय लागलेल्या मुलांना एकदम पानं भरायची आहेत. गेल्या महिन्यात तिने सराव परीक्षेचा पेपर मला व्हॉट्सॲपवर पाठवला. दहा मार्कांचा प्रश्न होता: ‘१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला नाकारणाऱ्या केंद्र सरकारने १९६० मध्ये ती का दिली? कारणमीमांसा करा.’ तिला चार मार्क होते. तपासणाऱ्या सरांनी खाली लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘काय झालं ते कळलं. का झालं?’

रविवारी ती बोरिवलीला आमच्याकडे आली तीच चिडून. ‘दादा, एक तरी तारीख चुकलीय का सांग. सगळं बरोबर आहे, तरी चार?’

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. बी.टेक. केलं, अंधेरीला एका कंपनीत कोड लिहितो. इतिहास हा माझा वाचायचा छंद. पण तिचं उत्तर वाचल्यावर मला ते ओळखीचं वाटलं. ऑफिसमध्ये सर्व्हर रात्री बंद पडला की दोन कागद तयार होतात. एक लॉग: अमुक वाजता हे झालं, तमुक वाजता ते झालं. दुसरा अहवाल: हे का झालं, आणि काल का नाही झालं, आजच का. लॉगमध्ये एकही चूक नसते, पण तो अहवाल म्हणून पाठवला तर मॅनेजर परत पाठवतो. माझ्या बहिणीने लॉग लिहिला होता.

तिचं उत्तर थोडक्यात असं होतं:

‘१९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ मध्ये आयोगाने द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस केली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले. १९५७ मध्ये मुलुंड, बोरिवली ही उपनगरे मुंबई महापालिकेत आली. त्याच वर्षी निवडणुकीत समितीला मोठे यश मिळाले. १०६ जण हुतात्मे झाले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले.’

सगळं खरं आहे. आता गंमत बघा. ह्यातलं ‘अखेर’ काढून टाका. शेवटचं वाक्य आधीच्या कुठल्या वाक्यामुळे आलं ते सांगता येतं का? नाही येत. ‘अखेर’ ह्या शब्दावर अख्खं उत्तर टांगलंय. एकामागून एक गोष्टी घडल्या म्हणून शेवटची घडली, असं ते वाक्य सुचवतं, पण सांगत काहीच नाही.

आणि ते मुलुंड-बोरिवलीचं वाक्य. मी विचारलं, ‘हे का घातलंस?’ ती हसली. ‘आपलं आहे म्हणून. आणि वर्ष लक्षात होतं.’ वाक्य खरं आहे. १९५७ च्या फेब्रुवारीत महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. पण प्रश्न विचारतोय की मुंबई कुठल्या राज्याची, आणि हे वाक्य सांगतंय की मुंबई केवढी. घटना सांगण्याच्या पद्धतीत असं वाक्य सहज खपून जातं, कारण तिथे आत यायला फक्त तारीख लागते. कारण सांगायला बसलो की ते आपोआप बाहेर पडतं.

तर आम्ही ते उत्तर परत लिहायला घेतलं. आधी काहीच लिहायचं नाही, फक्त प्रश्नाला उलटा प्रश्न विचारायचा, असं ठरलं. ती म्हणाली, ‘लोक पेटून उठले म्हणून मुंबई मिळाली.’ मी म्हटलं, ‘ठीक. पण लोक १९५६ मध्ये पेटले नव्हते का?’

ती गप्प झाली. कारण लोक सगळ्यात जास्त पेटले होते ते नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्येच. आणि तेव्हा मुंबई मिळाली नाही. मग जे कारण १९५६ मध्येही हजर होतं, ते एकटं १९६० चं कारण कसं होईल? ही चाचणी मला फार आवडते. ‘मग तेव्हाच का नाही?’ असं विचारायचं. तुमचं कारण त्यावर गडबडलं, तर एकतर ते चूक आहे किंवा अपुरं आहे. इथे ते अपुरं होतं. १९५६ आणि १९६० च्या मध्ये काय बदललं, ते शोधायला हवं.

त्यासाठी आधी १९५६ चा नकार समजायला हवा. नकार का दिला? पाठ्यपुस्तकी उत्तर असं की मुंबईतलं भांडवल गुजराती, पारशी, मारवाडी मंडळींच्या हातात होतं आणि त्यांना मराठी राज्यात जायचं नव्हतं. हे बरोबर आहे, पण अर्धं. भांडवलदारांना नको होतं, ते दिल्लीने का ऐकलं? मधली पायरी कुठली?

ती पायरी काँग्रेसच्या रचनेत आहे. काँग्रेसने १९२० मध्ये आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार पाडल्या, पण मुंबई शहराची समिती वेगळी ठेवली. महाराष्ट्राची वेगळी, गुजरातची वेगळी, विदर्भाचीही वेगळी. म्हणजे पक्षाच्या आत मुंबई ही ‘महाराष्ट्र काँग्रेस’ची कधी नव्हतीच. स. का. पाटलांची मुंबई काँग्रेस दिल्लीत स्वतःच्या तोंडाने बोलायची, आणि ती बोलायची मुंबई वेगळी ठेवा म्हणून. जोडीला १९५१ च्या जनगणनेत शहरात मराठी बोलणारे सगळ्यात जास्त असले तरी निम्म्याहून कमी होते, हा आकडा त्यांच्या हातात होता. त्यामुळे दिल्लीला हा ‘मराठी माणूस विरुद्ध सरकार’ असा प्रश्न दिसलाच नाही. तो दिसला पक्षाच्या दोन शाखांमधलं भांडण म्हणून. आणि शाखांचं भांडण असलं की वरचे नेते मधला तोडगा काढतात. द्विभाषिक राज्य हा तो तोडगा होता: मुंबई कोणालाच द्यायची नाही, सगळ्यांना एकत्र ठेवायचं.

इथे बहीण म्हणाली, ‘अरे, मग हा पहिला परिच्छेद झाला की.’ झालाच. आणि बघा, त्याची सुरुवात तारखेने होत नाही. तिने लिहिला तो असा:

‘१९५६ चा नकार मुख्यतः काँग्रेसच्या अंतर्गत रचनेतून आला. मुंबई शहराची प्रांतिक समिती महाराष्ट्रापासून स्वतंत्र असल्याने, मुंबईवरील मराठी दावा पक्षश्रेष्ठींना जनतेची मागणी न वाटता दोन शाखांमधील वाद वाटला. शहरातील बिगरमराठी भांडवलाची भीती ह्याच समितीमार्फत दिल्लीपर्यंत पोचली. म्हणून कोणाचीच बाजू न घेणारे द्विभाषिक राज्य हा सोयीचा मार्ग ठरला.’

पहिलं वाक्य दावा करतं. पुढची दोन तो दावा कसा खरा ते दाखवतात, आणि त्यातलं ‘मार्फत’ फार मोलाचं आहे, कारण ते भांडवल आणि निर्णय ह्यांच्यामधला रस्ता दाखवतं. शेवटचं वाक्य परत प्रश्नाकडे आणतं.

आता बदल. १९५६ नंतर काय बदललं? तिने लगेच १९५७ ची निवडणूक सांगितली: ‘काँग्रेस हरली.’ इथे सावध राहा, कारण इथेच चांगली मुलं घसरतात. काँग्रेस हरली नव्हती. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या आणि काँग्रेसला २३४ मिळाल्या. सरकार काँग्रेसचंच आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री राहिले. ‘लोकांनी काँग्रेसला धूळ चारली म्हणून महाराष्ट्र झाला’ असं लिहिलंत, तर आकडे माहीत असलेला परीक्षक तिथेच थांबतो.

मग निवडणुकीने केलं काय? काँग्रेस पश्चिम महाराष्ट्रात आपटली. ती तरली विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जागांवर. स्वतः यशवंतराव कराडहून थोडक्यात निवडून आले. आता ह्याचा अर्थ लावा. मराठी मुख्यमंत्र्याचं सरकार उभं आहे, पण त्याच्या स्वतःच्या भागातले आमदार त्याच्या मागे नाहीत. खुर्चीचा एक पाय गुजरातमध्ये. आणि गुजरात तरी शांत होता का? नाही. तिकडे महागुजरात आंदोलन सुरू होतं. अहमदाबादेत ऑगस्ट १९५६ मध्ये गोळीबार झाला होता आणि १९५७ मध्ये इंदुलाल याज्ञिक तिथूनच लोकसभेवर गेले. म्हणजे ज्या तोडग्याचा गुण हा की तो कोणाचीच बाजू घेत नाही, तो आता दोन्ही बाजूंना नकोसा झाला होता.

हे आहे १९५६ आणि १९६० मधलं अंतर. १९५६ मध्ये मुंबई नाकारण्याची किंमत आंदोलक मोजत होते. १९५७ नंतर ती किंमत पक्ष मोजायला लागला, आणि १९६२ च्या निवडणुकीत ती परत मोजावी लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. ही घटना कथेत नुसती एक ओळ असते. पण वरचं गणित मांडलं की तिचा अर्थ लागतो: नव्या अध्यक्षांना आधीच्या निर्णयाची लाज राखायची नव्हती, पुढची निवडणूक राखायची होती.

दुसरा परिच्छेद असा झाला:

‘१९५७ च्या निवडणुकीने काँग्रेसची सत्ता घालवली नाही, पण तिचा पाया सरकवला. ३९६ पैकी २३४ जागा मिळूनही पश्चिम महाराष्ट्रात पक्ष कोसळला, त्यामुळे मराठी मुख्यमंत्र्याचे सरकार इतर प्रदेशांच्या, विशेषतः गुजरातच्या आमदारांवर अवलंबून राहिले. तिकडे महागुजरात आंदोलनाने तो आधारही डळमळीत केला. परिणामी द्विभाषिक राज्य टिकवणे हे ते मोडण्यापेक्षा पक्षाला महाग पडू लागले.’

इथपर्यंत ती खूश होती. मग तिने पेन ठेवलं आणि म्हणाली, ‘पण दादा, ह्यात हुतात्मे कुठे आहेत?’

हा प्रश्न साधा नव्हता. आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. त्या मोर्चांत ते चालले होते. आम्ही लहान असताना हुतात्मा चौकातून जाताना ते चप्पल काढायचे. तिच्या पहिल्या उत्तरात १०६ हुतात्म्यांचं वाक्य होतं, नव्या उत्तरात नव्हतं. ‘म्हणजे मार्कांसाठी आजोबांना खोडायचं?’ असं ती थेट म्हणाली.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. चहा झाला. मग आम्ही तेच हत्यार वापरलं: तुलना. आंध्र बघा. पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणात गेले आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालंसुद्धा. वर्षही लागलं नाही. आपल्याला १९६० का उजाडलं? कारण आंध्र झालं ते मद्रास शहर सोडून. मोठं शहर बाजूला ठेवलं की राज्य पटकन मिळत होतं. आणि तशीच ऑफर आपल्यालाही होती. १९५५ च्या अखेरीस काँग्रेसने तीन राज्यांची योजना मांडली होती: विदर्भासह महाराष्ट्र, गुजरात, आणि मुंबई वेगळी. ती घेतली असती तर महाराष्ट्र १९५६ मध्येच झाला असता. मुंबईविना.

मग ती का घेतली नाही? फ्लोरा फाउंटन आणि जानेवारीच्या गोळीबारांनंतर ती घेणं कुठल्याही मराठी नेत्याला शक्य राहिलं नाही. ज्या शहरासाठी माणसं मेली, ते सोडून राज्य घ्या असं कोण उभं राहून म्हणणार? विचारांनी एकमेकांपासून लांब असलेले पक्ष, कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एका समितीत बसले आणि बराच काळ बसून राहिले, ते ह्या एका अटीवर. मुंबईसह. माझ्या मते हुतात्म्यांनी दिल्लीचं मन वळवलं नाही. त्यांनी मुंबईविना महाराष्ट्राचा रस्ता बंद केला. आणि तो बंद झाला म्हणूनच १९५७ चा कौल इतका टोकदार झाला.

तिने तिसरा परिच्छेद स्वतः लिहिला, मी एक शब्द बदलला नाही:

‘बलिदानाने निर्णय लगेच बदलला नाही, १९५६ चा नकार त्यानंतरच आला. पण आंध्रने मद्रास सोडून राज्य स्वीकारले तसा पर्याय त्यामुळे मराठी नेतृत्वाला उरला नाही. ‘मुंबईसह’ ही अट तडजोडीपलीकडे गेली आणि परस्परविरोधी पक्ष समितीत एकत्र राहिले. १९५७ च्या मतदानाला दिशा मिळाली ती ह्या अटीमुळे.’

माझ्या मते आजोबा पहिल्या उत्तरापेक्षा ह्या उत्तरात जास्त आहेत. तिथे ते एक आकडा होते. इथे ते काहीतरी घडवतायत.

दोन गोष्टी सांगून थांबतो, कारण पुढच्याच आठवड्यात तिची गाडी उलट्या बाजूला घसरली. ‘का’ लिहायची सवय लागली आणि तिने दुसऱ्या एका उत्तरात लिहिलं: ‘ह्या घटनेस सामाजिक, आर्थिक व राजकीय घटक कारणीभूत ठरले.’ दिसायला हे विश्लेषण आहे, पण हे वाक्य १८५७ च्या उठावाला लावा, गिरणी संपाला लावा, फ्रेंच राज्यक्रांतीला लावा, सगळीकडे बसतं. जे सगळीकडे बसतं ते कशाचंच कारण नसतं. मुंबई काँग्रेसची वेगळी समिती हे कारण फक्त मुंबईलाच बसतं, म्हणून त्याचे मार्क मिळतात. तेव्हा तारखा आणि आकडे टाकायचे नाहीत. २३४ नसता तर दुसरा परिच्छेद उभाच राहिला नसता. फक्त आकडा दाव्याच्या मागे येतो, दाव्याच्या जागी नाही.

दुसरं, वेळेचं. असा प्रश्न साधारण दीडशे शब्दांत उरकायचा असतो. आमचे तीन परिच्छेद मिळून त्याच्या आसपासच जातात. त्यासाठी राज्य पुनर्रचना आयोगाचं वर्ष गेलं, चिंतामणरावांचा राजीनामा गेला, मुलुंड-बोरिवली गेली. राजीनामा सोडताना तिला जड गेलं. पण तो तिन्हींपैकी कुठल्याच दाव्याला हात देत नव्हता. प्रश्न ‘केंद्रातील मराठी नेत्यांची भूमिका’ असा असता तर तोच राजीनामा पहिल्या ओळीत आला असता.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं? आम्ही एक सोपी युक्ती काढली. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोबाईलवर टाइप करायचं, एकाखाली एक. तिच्या जुन्या उत्तराची अशी यादी केली तर कॅलेंडर तयार होतं: १९५३, १९५५, १९५६. नव्याची केली तर हे वाचायला मिळतं: नकार पक्षाच्या रचनेतून आला; निवडणुकीने पाया सरकवला; बलिदानाने लगेच निर्णय बदलला नाही, पण. तीन वाक्यांत प्रश्नाचं उत्तर आलंय, अजून पुरावा वाचायचाय. परीक्षक शेकडो पेपर तपासताना बहुतेक असंच वाचत असणार.

तिने ते उत्तर पुन्हा लिहून सरांना दाखवलं. ह्या वेळी साडेसहा. खाली लाल पेनाने नवा प्रश्न होता: ‘गुजरातने मुंबई सोडायचं का मान्य केलं?’ बरोबर पकडलं त्यांनी, ते आमच्याकडून सुटलंच होतं. तिकडे स्वतःचं राज्य हवं असणारे जोरात होते, आणि विभाजनाच्या वाटाघाटीत गुजरातला नवी राजधानी उभारायला आणि सुरुवातीची तूट भरायला पैसे द्यायचं ठरलं. पण ह्या दोन गोष्टींपैकी जास्त वजन कशाचं, आणि ‘मग १९५६ मध्येच का नाही?’ ही चाचणी त्यांना लावली तर काय उरतं, ते तुम्ही लिहून बघा. पन्नास शब्द, एकच परिच्छेद, पहिल्या वाक्यात तारीख नको. कमेंटमध्ये टाका, ती आणि मी दोघं वाचतो. भेटू पुढच्या भागात.